जलद चार्जिंगची केबल लेबलाप्रमाणे नसेल, तर ऑनलाइन विक्रेत्याला तक्रारपत्र कसे लिहावे

‘केबल स्लो आहे, पैसे परत करा’ एवढ्याच मजकुराची तक्रार बहुतेक वेळा एका ओळीच्या उत्तराने बंद होते : ‘आपला फोन फास्ट चार्जिंगला सपोर्ट करत नाही.’ हे उत्तर खोटे आहे असे ग्राहकाला तिथल्या तिथे सिद्ध करता येत नाही, कारण चार्जिंग मंद होण्यामागे केबलखेरीज चार्जर, फोन, तापलेली बॅटरी अशी इतरही कारणे असू शकतात आणि विक्रेता त्यांतले सोयीचे कारण पुढे करतो. म्हणून तक्रार चार्जिंगच्या वेगाबद्दल न करता लेबलाबद्दल करावी. विक्रेत्याने अमुक शब्दांत अमुक क्षमता लिहिली होती, प्रत्यक्ष वस्तूत ती नाही, आणि ते अशा रीतीने तपासले आहे, या तीन गोष्टी पत्रात आल्या की फोनवर बोट दाखवणारे उत्तर अपुरे पडते. पुढे सांगितलेली सगळी तयारी या तीन गोष्टींसाठीच आहे.

समजण्यास सोपे जावे म्हणून एक नमुना प्रकरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. साताऱ्यातील एका ग्राहक महिलेने एका ऑनलाइन बाजारपेठेवरून दोन मीटर लांबीची, दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल ४९९ रुपयांना मागवली. वस्तूच्या पानावर ‘100W 5A Fast Charging’ असे लिहिले होते. त्यांचा फोन ४५ वॉटपर्यंत चार्ज होणारा आहे आणि चार्जरही त्याच कंपनीचा, ४५ वॉटचा आहे. फोनसोबत आलेली जुनी केबल लावली की पडद्यावर जलद चार्जिंगचा वरचा टप्पा दिसतो, नवी केबल लावली की त्याखालचा टप्पा दिसतो.

पहिली पायरी : लिहिलेले जपून ठेवणे

कोणतीही चाचणी करण्याआधी वस्तूच्या पानाचे स्क्रीनशॉट घ्यावेत. विक्रीचे पान विक्रेत्याला केव्हाही बदलता येते आणि तक्रार गेल्यावर ‘5A’ हा शब्द तिथून नाहीसा झाला, तर आपल्या हाती काही उरत नाही. पानावरचे शीर्षक, गुणविशेषांची यादी, चित्रांवर छापलेला मजकूर आणि ‘Sold by’ या शब्दांपुढील विक्रेत्याचे नाव हे सगळे टिपावे. शक्य असल्यास संगणकावरून पूर्ण पान पीडीएफ स्वरूपात जतन करावे, कारण त्यात पानाचा पत्ता आणि तारीखही येते. ग्राहकांच्या प्रश्नांना विक्रेत्याने दिलेली उत्तरेही वाचून पाहावीत. ‘ही केबल ४५ वॉटच्या फोनला चालेल का?’ या प्रश्नाला विक्रेत्याने ‘होय’ असे उत्तर दिलेले असेल, तर तो शीर्षकाइतकाच मोलाचा पुरावा असतो.

त्यानंतर पाकिटाची दोन्ही बाजूंची छायाचित्रे आणि केबलच्या दोन्ही टोकांची जवळून घेतलेली छायाचित्रे काढावीत. येथे थोडे थांबून पान, पाकीट आणि केबलचे टोक या तिन्ही ठिकाणचा मजकूर शेजारी शेजारी ठेवून वाचणे फार उपयोगाचे ठरते. पानावर पाच अँपिअर लिहिलेले आणि पाकिटावर मात्र तीन अँपिअर छापलेले, असेही आढळते. तसे आढळले तर पुढची कोणतीही मोजणी न करताच तक्रार उभी राहते, कारण विसंगती विक्रेत्याच्याच दोन विधानांमध्ये आहे. नमुना प्रकरणात पाकिटावरही १०० वॉट असेच छापले आहे, म्हणून पुढे जावे लागेल.

बीजक ऑर्डरच्या पानावरून उतरवून घ्यावे. विक्रेत्याचे नोंदणीकृत नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक त्यावर असतात, आणि पत्र त्याच नावाने लिहायचे असते. पाकीट टाकून देऊ नये. केबल कापून आतल्या तारा दाखवण्याचा मोह अनेकांना होतो, तो कटाक्षाने टाळावा. कापलेली केबल परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकतो. शिवाय प्रकरण पुढे ग्राहक आयोगापर्यंत गेले, तर वस्तूचा दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसल्यास ती सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवण्याची तरतूद कायद्यात आहे, आणि त्यासाठी वस्तू अखंड असणे आवश्यक आहे.

दुसरी पायरी : लेबलाचा अर्थ समजून घेणे

टाइप-सी केबलवरील दोन आकड्यांपैकी आपल्या कामाचा आकडा अँपिअरचा आहे. टाइप-सीच्या मानकानुसार दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली कोणतीही साधी केबल तीन अँपिअरपर्यंत विद्युतप्रवाह नेण्याच्या क्षमतेची असावी लागते. २० व्होल्टला तीन अँपिअर म्हणजे ६० वॉट, ही साध्या केबलची मर्यादा. याहून अधिक, म्हणजे पाच अँपिअर नेणाऱ्या केबलच्या टोकात ई-मार्कर नावाची एक छोटी चिप असणे बंधनकारक आहे. केबल जोडताच चार्जर या चिपला तिची क्षमता विचारतो. चिपने ‘पाच अँपिअर’ असे सांगितले तरच नियमाने बांधलेला चार्जर तीनच्या वर जातो, चिप सापडली नाही तर तो तीनवरच थांबतो. २० व्होल्टला पाच अँपिअर म्हणजे १०० वॉट. म्हणून ज्या टाइप-सी केबलवर ‘१०० वॉट, ५ अँपिअर’ असे लिहिले आहे, तिच्यात ई-मार्कर नसेल तर ते विधान चुकीचे आहे, मग ती कोणत्याही फोनला जोडलेली असो.

ही गोष्ट तक्रारदाराच्या दृष्टीने निर्णायक आहे. फोन कोणता, बॅटरी किती जुनी, खोलीचे तापमान किती, या कशाचाही ई-मार्कर असण्या-नसण्याशी संबंध नाही.

मात्र हेही स्पष्ट समजून घ्यावे की प्रत्येक मंद चार्जिंगमागे केबलचा दोष नसतो, आणि चुकीच्या कारणासाठी लिहिलेले पत्र कितीही चांगल्या भाषेत असले तरी टिकत नाही. फोन २५ वॉटचाच असेल तर तीन आणि पाच अँपिअरच्या केबलमध्ये त्याला फरक जाणवणारच नाही, कारण ९ व्होल्टला तीन अँपिअरहून कमी प्रवाहात त्याचे काम भागते. काही फोन कंपन्यांची जलद चार्जिंगची पद्धत त्यांची स्वतःची असते आणि तिच्यासाठी त्यांचाच चार्जर व त्यांच्याच पद्धतीला मानणारी केबल लागते. अशा फोनला बाहेरची १०० वॉटची अस्सल केबल जोडली, तरी चार्जिंग मंद होऊ शकते. विक्रेत्याने आपल्या फोनच्या पद्धतीचे नाव पानावर लिहिले असेल तर गोष्ट वेगळी, पण लिहिले नसेल तर दोष केबलचा म्हणता येत नाही. एका टोकाला जुने चौकोनी टाइप-ए असलेल्या केबलला तर वर सांगितलेला ई-मार्करचा निकष लागूच होत नाही. तुमची केबल तशी असेल, तर हा लेख तुम्हाला पत्राच्या मांडणीपुरताच उपयोगी पडेल.

तिसरी पायरी : तपासणी

तपासणीचा गाभा असा की केबलखेरीज काहीही बदलायचे नाही. चार्जर तोच, भिंतीतला सॉकेट तोच, फोन तोच. बॅटरी दोन्ही वेळी साधारण २० टक्क्यांवर असावी, कारण बॅटरी भरत आली की फोन स्वतःहून प्रवाह कमी करतो आणि ८० टक्क्यांवर घेतलेल्या नोंदीतून काहीच सिद्ध होत नाही. फोन थंड असावा, पडदा बंद असावा. एका केबलची नोंद घेतल्यावर बॅटरी पुन्हा २० टक्क्यांवर येईपर्यंत थांबावे आणि मगच दुसरी केबल जोडावी. तुलनेसाठी फोनसोबत आलेली केबल सर्वांत चांगली, कारण ती योग्य नाही असे विक्रेत्याला म्हणता येत नाही.

केवळ टक्केवारीवर विसंबू नये. नमुना प्रकरणात जुन्या केबलने १५ मिनिटांत बॅटरी २० वरून ५३ टक्क्यांवर गेली आणि नव्या केबलने ४५ वर. हा फरक ग्राहकाला रोज जाणवतो, पण कागदावर तो किरकोळ दिसतो. वरच्या टप्प्याचे चार्जिंग सुरुवातीच्या थोड्या वेळापुरतेच पूर्ण जोरात चालते, म्हणून टक्केवारीत त्याचे प्रतिबिंब पुसट पडते. पडद्यावर दिसणाऱ्या टप्प्याच्या नावाचे छायाचित्र मात्र अवश्य घ्यावे.

खरा पुरावा टाइप-सी पॉवर मीटरमधून मिळतो. चार्जर आणि केबल यांच्यामध्ये बसणारे हे बोटभर उपकरण व्होल्ट, अँपिअर आणि वॉट हे तिन्ही आकडे दाखवते. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांतून ते बहुधा असतेच आणि ओळखीचा दुकानदार पाच मिनिटांसाठी नाही म्हणत नाही, त्यामुळे ४९९ रुपयांच्या केबलसाठी ते मुद्दाम विकत घेण्याची गरज नाही. काही मीटरमध्ये ई-मार्कर वाचण्याची सोय असते. तशी सोय असेल तर केबल जोडून तो पडदा पाहावा आणि चिप सापडत नसल्याचे किंवा ती तीन अँपिअर सांगत असल्याचे छायाचित्र घ्यावे.

येथे एक चूक हमखास होते. हलक्या प्रतीचे काही मीटर मधल्या सगळ्या तारा पुढे नेत नाहीत, त्यामुळे चार्जरला चांगल्या केबलमधील चिपही दिसत नाही आणि कोणतीही केबल जोडली तरी प्रवाह तीनच्या आत राहतो. म्हणून आधी खात्रीची केबल मीटरमधून चालवून पाहावी. तिने तीन अँपिअरची मर्यादा ओलांडली तरच तो मीटर या कामाचा आहे असे समजावे आणि मग तक्रारीतील केबल जोडावी. नमुना प्रकरणात जुन्या केबलने ९.८ व्होल्ट आणि ४.१ अँपिअर, म्हणजे सुमारे ४० वॉट दाखवले, तर नव्या केबलने ८.९ व्होल्ट आणि २.६ अँपिअर, म्हणजे सुमारे २३ वॉट. दोन्ही वेळचे मीटरचे छायाचित्र घेताना चौकटीत चार्जर आणि केबलचे टोकही येऊ द्यावे, म्हणजे कोणता आकडा कोणत्या केबलचा याबद्दल वाद राहत नाही.

क्वचित असेही घडते की चिप आहे, ती पाच अँपिअर सांगतेही, पण आतल्या तारा बारीक असल्यामुळे वाटेत व्होल्ट गळतात. हे ओळखण्यासाठी मीटर एकदा चार्जरच्या बाजूला आणि एकदा फोनच्या बाजूला लावावा व व्होल्टमधील फरक पाहावा. टाइप-सीच्या मानकात केबलच्या कमाल प्रवाहाला जाणाऱ्या तारेत अर्धा व्होल्ट आणि परतीच्या तारेत पाव व्होल्ट, मिळून पाऊण व्होल्टपर्यंतची घट मान्य आहे. त्याहून अधिक घट सातत्याने दिसत असेल, तर तो आकडा पत्रात लिहिण्यासारखा आहे. नमुना प्रकरणात मात्र चिपच नसल्यामुळे या मोजणीची गरज पडली नाही, आणि एक पक्का मुद्दा हाती असताना दुसरा अर्धवट मुद्दा त्याला जोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

चौथी पायरी : काय मागायचे ते ठरवणे

पत्र लिहायला बसण्याआधी मागणी ठरलेली असावी. परतीची मुदत शिल्लक असेल तर ऑर्डरच्या पानावरून परतीची विनंती आधी नोंदवावी आणि कारण निवडताना ‘आवडली नाही’ किंवा ‘गरज उरली नाही’ असे काही न निवडता ‘वर्णनाप्रमाणे नाही’ या अर्थाचा पर्याय निवडावा. चुकीचे कारण निवडले तर तेच पुढे आपल्याविरुद्ध दाखवले जाते. पत्र त्याच दिवशी पाठवावे.

बदलून मिळणारी केबल स्वीकारावी का, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. दोष एखाद्याच नगात असेल तर बदली योग्य. पण ई-मार्कर नसणे हा एका नगाचा अपघात सहसा नसतो, त्या संपूर्ण मालाची रचनाच तशी असते, आणि बदलून आलेली केबलही तशीच निघते. तोवर परतीची मुदत संपलेली असते. म्हणून या प्रकारच्या तक्रारीत पूर्ण रक्कम परत मागणेच शहाणपणाचे. त्यासोबत विक्रेत्याच्या खर्चाने वस्तू परत नेणे आणि पानावरचे वर्णन दुरुस्त करणे, या दोन मागण्या कराव्यात. ४९९ रुपयांच्या वस्तूसाठी पहिल्याच पत्रात मानसिक त्रासाचे हजारो रुपये मागितले, तर वाचणाऱ्याचे लक्ष पुराव्यावरून उडते आणि मागणीवरच वाद सुरू होतो.

कायद्याचा आधार एका परिच्छेदात मावतो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० यांतील नियम ६(३) नुसार, जाहिरात केलेले गुणविशेष वस्तूत नसतील तर बाजारपेठेवरून विकणाऱ्या विक्रेत्याला ती परत घेण्यास किंवा पैसे परत करण्यास नकार देता येत नाही. त्याच नियमांतील नियम ४(५) नुसार ई-कॉमर्स संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रारीची पोहोच ४८ तासांत दिली पाहिजे आणि तक्रार मिळाल्यापासून एका महिन्यात तिचे निवारण केले पाहिजे. वस्तू विशिष्ट दर्जाची आहे असे खोटे सांगणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(४७) खाली अनुचित व्यापारी प्रथा ठरते. एवढे तीन आधार पुरेत. कलमांची लांबलचक यादी देणारे पत्र कोठून तरी उतरवलेले वाटते.

पाचवी पायरी : पत्र

पत्र विक्रेत्याच्या नावे लिहावे आणि त्याची प्रत बाजारपेठेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवावी. या अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क संकेतस्थळावर देणे संस्थेला बंधनकारक आहे. पानाच्या तळाशी ‘Grievance Officer’ या नावाखाली तो तपशील मिळतो. बीजकावरील विक्रेता परराज्यातील असेल, तर हेच पत्र हिंदीत किंवा इंग्रजीतही तयार करून सोबत पाठवावे, म्हणजे भाषेचे कारण सांगून उत्तर लांबवता येणार नाही. नमुना प्रकरणातील पत्र असे :

दिनांक : १२ मार्च

प्रति,
व्यवस्थापक,
(बीजकावरील विक्रेत्याचे नाव व पत्ता)

विषय : ‘100W 5A’ असे वर्णन करून विकलेली टाइप-सी केबल वर्णनाप्रमाणे नसल्याबाबत आणि रक्कम परत मिळण्याबाबत.

संदर्भ : ऑर्डर क्रमांक ………, बीजक क्रमांक ………, ऑर्डरचा दिनांक ४ मार्च, वस्तू मिळाल्याचा दिनांक ७ मार्च, रक्कम ४९९ रुपये.

महोदय,

वरील संदर्भातील ऑर्डरनुसार मी आपल्याकडून दोन मीटर लांबीची टाइप-सी ते टाइप-सी केबल खरेदी केली. खरेदीच्या दिवशी वस्तूच्या पानावरील शीर्षकात आणि दुसऱ्या चित्रावर ‘100W 5A Fast Charging’ असे वर्णन होते, व पाकिटावरही ‘100W’ असे छापलेले आहे. हे वर्णन वाचूनच मी ही केबल निवडली.

प्रत्यक्षात ही केबल पाच अँपिअर क्षमतेची नाही. टाइप-सी केबलमधून तीन अँपिअरहून अधिक प्रवाह जाण्यासाठी तिच्यात ई-मार्कर चिप असणे आवश्यक असते. दिनांक १० मार्च रोजी ई-मार्कर वाचणाऱ्या मीटरने केलेल्या तपासणीत या केबलमध्ये अशी चिप आढळली नाही. त्याच दिवशी ४५ वॉटचा तोच चार्जर, तोच फोन आणि तोच मीटर वापरून, बॅटरी २० टक्क्यांवर असताना घेतलेल्या नोंदी पुढीलप्रमाणे आहेत. फोनसोबत आलेल्या केबलमधून ९.८ व्होल्ट व ४.१ अँपिअर, म्हणजे सुमारे ४० वॉट मिळाले. आपल्या केबलमधून ८.९ व्होल्ट व २.६ अँपिअर, म्हणजे सुमारे २३ वॉट मिळाले. चार्जर आणि फोन हे दोन्ही तीन अँपिअरहून अधिक प्रवाहावर चालतात हे पहिल्या नोंदीवरून स्पष्ट होते, त्यामुळे फरकाचे कारण केबल हेच आहे.

वस्तूत जाहिरात केलेले गुणविशेष नसल्यामुळे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० च्या नियम ६(३) नुसार मी पुढील मागणी करीत आहे. माझे ४९९ रुपये मूळ भरणा केलेल्या खात्यात परत करावेत, केबल आपल्या खर्चाने परत नेण्याची व्यवस्था करावी आणि वस्तूच्या पानावरील वर्णन दुरुस्त करावे. बदली केबल मला नको आहे. परतीची विनंती मी आजच ऑर्डरच्या पानावरून नोंदवली आहे. केबल पाकिटासह सुस्थितीत माझ्याकडे आहे.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत आपण लेखी उत्तर देऊन रक्कम परत करावी, ही विनंती. तसे न झाल्यास मला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जावे लागेल.

आपली विश्वासू,
(नाव, पत्ता, दूरध्वनी)

सोबत : १) बीजक, २) खरेदीच्या वेळच्या पानाचे स्क्रीनशॉट, ३) पाकिटाची व केबलच्या टोकांची छायाचित्रे, ४) मीटरच्या दोन्ही नोंदींची छायाचित्रे, ५) ई-मार्कर तपासणीचे छायाचित्र.

प्रत : तक्रार निवारण अधिकारी, (बाजारपेठेचे नाव), माहिती व कार्यवाहीसाठी.

या पत्रात ‘फसवणूक’, ‘लूट’ असे शब्द नाहीत हे लक्षात आले असेल. विक्रेत्याने जाणूनबुजून खोटे लिहिले की घाऊक व्यापाऱ्याने सांगितले ते तसेच छापले, हे आपल्याला ठाऊक नसते, आणि रक्कम परत मिळवण्यासाठी ते ठरवण्याची गरजही नसते. लेबलावरील शब्द मात्र ज्या लिपीत आणि ज्या क्रमाने छापले आहेत तसेच अवतरणचिन्हांत द्यावेत. त्यांचे भाषांतर केले की नेमके काय लिहिले होते याबद्दल शंका काढायला जागा मिळते. दुसऱ्या परिच्छेदाचे शेवटचे वाक्य या पत्राचा कणा आहे, कारण ‘फोन सपोर्ट करत नाही’ या उत्तराला ते विक्रेत्याने देण्याआधीच बाद करते. मीटर मिळाला नाही तर हे वाक्य पडद्यावरील टप्प्याच्या दोन छायाचित्रांच्या आधारे लिहावे आणि ई-मार्करबद्दल ‘नाही’ असे ठाम न म्हणता ‘या केबलमध्ये ई-मार्कर आहे काय, याचा लेखी खुलासा करावा’ अशी विचारणा करावी. जे तपासले नाही ते ठामपणे लिहू नये.

सहावी पायरी : पाठवणे आणि उत्तर हाताळणे

पत्र ऑर्डरच्या पानावरील संदेशखिडकीतून आणि ईमेलने, असे दोन्ही मार्गांनी पाठवावे. गप्पांच्या खिडकीत ग्राहकसेवेच्या प्रतिनिधीशी बोलणे झाले तर ते संभाषण जतन करावे आणि तक्रार क्रमांक मागून घ्यावा. फोनवर दिलेले आश्वासन त्याच दिवशी ईमेलने लिहून पाठवावे : ‘आज दुपारी आपल्या प्रतिनिधीने पाच दिवसांत रक्कम परत करण्याचे मान्य केले, त्याची नोंद असावी.’ १५ दिवसांत काहीच हालचाल झाली नाही, तर बीजकावरील पत्त्यावर हेच पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पोहोच जपून ठेवावी.

उत्तरे साधारणपणे ठरावीक प्रकारची येतात. ‘केबल १०० वॉटपर्यंत आहे, नेमके १०० वॉट मिळतील असे आम्ही म्हटले नाही’ हे त्यांतले एक. यावर सांगावे की तक्रार वॉट कमी मिळाल्याची नसून पाच अँपिअरच्या क्षमतेची आहे, आणि ‘पर्यंत’ या शब्दाने नसलेली क्षमता वस्तूत येत नाही. ‘परतीची मुदत संपली’ हे दुसरे उत्तर. परतीची मुदत हे बाजारपेठेचे धोरण आहे, आणि वर्णनाप्रमाणे नसलेल्या वस्तूबाबतचा नियम ६(३) त्या धोरणाने रद्द होत नाही, एवढे एका वाक्यात कळवावे. तिसऱ्या प्रकारात पैसे परत करण्याच्या बदल्यात नकारात्मक अभिप्राय काढून टाकण्याची अट घातली जाते. ही अट मान्य करू नये आणि तो संदेश तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे पाठवावा.

केबल परत नेण्यास माणूस आला तर ती देण्याआधी पाकिटासह छायाचित्र घ्यावे आणि परतीची पावती किंवा संदेश मिळाल्याशिवाय वस्तू हातची सोडू नये. रक्कम जमा होईपर्यंत मीटरच्या नोंदीही पुसू नयेत.

उत्तर आलेच नाही तर

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि तेथे मराठीतूनही बोलता येते. consumerhelpline.gov.in या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते आणि पत्र व सोबतची कागदपत्रे तेथे जोडता येतात. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही. ती तक्रार संबंधित कंपनीकडे पाठवून न्यायालयापूर्वी तडजोड घडवण्याचा प्रयत्न करते. तरीही आधीच्या पत्राची तारीख, पोहोच आणि पुरावे जोडलेली तक्रार कंपनीच्या वरच्या पातळीवर पोहोचते, आणि एवढ्या रकमेची प्रकरणे तिथेच मिटण्याची शक्यता बरीच असते.

त्यानेही काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग उरतो. ग्राहक जेथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो तेथील जिल्हा आयोगात तक्रार करता येते, त्यामुळे विक्रेता सुरतेचा असो की दिल्लीचा, नमुना प्रकरणातील ग्राहकाला साताऱ्याबाहेर जावे लागत नाही. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही, वकील नेमणे बंधनकारक नाही आणि तक्रार ई-जागृती संकेतस्थळावरून ऑनलाइन दाखल करता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल झाली पाहिजे. आयोगापुढे वरील पत्र, त्याची पोहोच आणि विक्रेत्याचे उत्तर, किंवा उत्तर न आल्याची वस्तुस्थिती, हीच तक्रारीची पहिली कागदपत्रे असतात. नुकसानभरपाई आणि खर्चाची मागणी या टप्प्यावर करता येते, आणि ती करताना दुकानात जाण्यासाठी किंवा टपालासाठी झालेल्या खर्चाच्या पावत्या सोबत लावाव्यात.